बाबासाहेबांचं बालपण: गोरेगाव की कोरेगाव, मसूर की पाडळी? फलकावर काय लिहू?

निळीशाई (विश्रांतवाडी, पुणे)

नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत 14 एप्रिलला फलक लावायचेत. त्यातला बाबासाहेबांच्या बालपणाचा फलक माझ्याकडे आलाय. मला वाटलं होतं एका संध्याकाळचं काम आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुलं, स्टेशनवर उतरल्यावर न मिळालेली बैलगाडी, रात्रभर न मिळालेलं पाणी, हा प्रसंग घ्यायचा ठरला. आणि तिथेच घोळ झाला.

धनंजय कीरांच्या इंग्रजी चरित्रात मुलं पाडळी स्टेशनवर उतरतात आणि गोरेगावला जायला निघतात. गाडीवानाला ती गाडीत बसल्यावर त्यांची जात कळते, तो गाडीची पुढची बाजू उचलून त्यांना खाली पाडतो. बाबासाहेबांचं स्वतःचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ उघडलं तर त्यात मुलं मसूरला उतरतात, जायचं असतं कोरेगावला, आणि जात आधी स्टेशनमास्तरला कळते. गाडी उलथवण्याचा उल्लेखच नाही. अभ्यासिकेतल्या एका काकांनी लहान मुलांसाठीचं एक मराठी चरित्र आणून दिलं, त्यात तर गाडीवानाचे आणि मुलांचे पानभर संवाद आहेत.

शिवाय आडनावाचा प्रश्न आहेच. शाळेतल्या आंबेडकर नावाच्या गुरुजींनी बाबासाहेबांना स्वतःचं आडनाव दिलं, हे लिहायचं की नाही यावरून आमच्या बैठकीत आवाज चढले. एकाच माणसाच्या लहानपणाबद्दल इंग्रजी आणि मराठी पुस्तकं इतकं वेगवेगळं का सांगतात? आणि मी फलकावर काय लिहू?

शनिवारकर

ताई, सोपं आहे. इंग्रजी चरित्रं बाहेरच्या वाचकांसाठी लिहिलेली असतात, लिहिणाऱ्याला इथली गावं ठाऊक नसतात, आडनावं कळत नाहीत. मराठी चरित्रकार मातीतले. खैरमोड्यांचे खंड घ्या, ते बाबासाहेबांच्या सहवासात होते. इंग्रजी बाजूला ठेवा.

दप्तरदार

शनिवारकर, खैरमोडे घ्या हे बरोबर, पण कारण चुकतंय. कीर रत्नागिरीचे, बाहेरचे कसले? त्यांनी बाबासाहेबांचं चरित्र आधी इंग्रजीत लिहिलं, 1954 साली, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. पुढे मराठीतही त्यांनीच लिहिलं. आणि या धाग्यातला सगळ्यात जवळचा इंग्रजी मजकूर तर खुद्द बाबासाहेबांचा आहे. तोही बाजूला ठेवायचा?

भाषेवरून वाटणी केली तर उत्तर हाती लागणार नाही. कोणता मजकूर कधी लिहिला, कधी छापला आणि कुणाला उद्देशून, हे आधी मांडा.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ साधारण 1935-36 च्या सुमारास लिहिलं असं मानतात. पण ते छापलं गेलं 1990 साली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या संग्रहात बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातली पानं मिळाली, सोसायटीने त्याची पुस्तिका काढली, आणि 1993 मध्ये शासनाच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात ती आली. खैरमोड्यांचा पहिला खंड 1952 चा, कीर 1954 चे. म्हणजे आज आपण ज्याला पहिला पुरावा म्हणतो तो छापील रूपात कुणापुढेच नव्हता. त्यांनी सांगोवांगी, मुलाखती, वर्तमानपत्रं आणि जुन्या लोकांच्या आठवणींवर काम केलं.

तेव्हा कीरांनी बाबासाहेबांच्या विरुद्ध लिहिलं असं म्हणता येत नाही. ती पानं समोर असती तर मसूर लिहिणं त्यांना काय जड होतं?

भीमथडी

कोरेगावच बरोबर आहे की. दरवर्षी 1 जानेवारीला लाखो लोक जातात. पुण्यापासून जवळ आहे, नगर रोडने जायचं. यात वाद कसला?

निळीशाई

भीमथडी दादा, ते कोरेगाव भीमा. तिथे बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला गेले होते, तेव्हा ते मोठे बॅरिस्टर होते. मी विचारतेय ते 1901 मधलं, साताऱ्यातलं.

जिहेकठापूर (मूळ सातारा, सध्या वारजे)

शेवटी आमच्या जिल्ह्यावर गाडी आली म्हणून लिहितो.

साताऱ्यातलं कोरेगाव म्हणजे स्वतः तालुक्याचं गाव. पण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त काय छापलंय ते नीट वाचा. वडील खटाव तालुक्यातल्या कोरेगावात खजिनदार होते, तिथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून सरकारने तलाव खोदायला काढला होता. आता कोरेगाव खटाव तालुक्यात नाही. खटावात गोरेगाव आहे. माण-खटाव हा कायमचा दुष्काळी पट्टा, दुष्काळी कामावरचा तलाव तिकडेच निघणार.

दुसरं असं की कोरेगावला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे. साताऱ्याकडून मिरजेच्या दिशेने निघालात की कोरेगाव, मग रहिमतपूर, तारगाव आणि मग मसूर. कोरेगावला जायचं असेल तर कोरेगाव मागे टाकून मसूरला उतरायचं आणि रात्रभर बैलगाडीने उलटं यायचं, असं कोण करेल? मसूरला उतरून पूर्वेला खटावाकडे जायचं म्हटलं तर मात्र रस्ता जुळतो. त्यामुळे गाव गोरेगावच. या बाबतीत कीर बरोबर.

निळीशाई

पण मग बाबासाहेबांनी स्वतः कोरेगाव कसं लिहिलं?

दप्तरदार

त्यांनी लिहिलं की वाचणाऱ्याने तसं वाचलं, हे मूळ पान बघितल्याशिवाय सांगता येत नाही. हाताने लिहिलेल्या इंग्रजीत या दोन गावांचा फरक फक्त पहिल्या अक्षराचा. छपाईसाठी नक्कल करणारा मुंबईत बसलेला असेल, त्याच्या कानावर कोरेगाव शंभरदा पडलेलं, खटावातलं गोरेगाव कधी ऐकलेलंच नसेल. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली आहेत. अपरिचित गावाच्या नावाजागी परिचित नाव बसतं, आणि दुरुस्त करणाऱ्यालाही ते चुकलंय असं वाटत नाही. उलट बरोबर छापलेलं तो ‘सुधारतो’.

पण शक्यता दुसरीही आहे. चौतीस-पस्तीस वर्षांनी लिहिताना बाबासाहेबांच्याच हातून तसं झालं असेल. पुढचे सगळे त्या छापील प्रतीवरून घेतात, म्हणून आज इंटरनेटवर इंग्रजीत कोरेगाव आणि जुन्या मराठी पुस्तकांत गोरेगाव अशी विभागणी दिसते. ताईंना इंग्रजी-मराठी भांडण वाटलं त्याचा मोठा भाग एवढाच आहे.

पानशेतचा_पूर

जिहेकठापूर साहेब, कीरांचं कौतुक ठीक आहे, पण त्यांनी पाडळी लिहिलंय त्याचं काय? मसूरजवळ पाडळी आहे का?

जिहेकठापूर

पाडळी नावाची गावं आमच्याकडे बरीच आहेत, तीच तर मेख आहे. पण रेल्वेच्या संदर्भात जुना माणूस पाडळी म्हणाला की आमच्या डोळ्यापुढे सातारारोड येतं. सातारारोड ज्या गावात आहे ते पाडळी. मीटर गेजच्या काळात सातारा शहराला जवळचं स्टेशन तेच होतं. शहरातून टांग्याने तिथे जायचं आणि मग गाडी पकडायची.

आता पुन्हा बाबासाहेबांचा मजकूर बघा. त्यात आहे की स्टेशन घरापासून दहा मैलांवर होतं आणि तिथे जायला टांगा ठरवला. सातारा ते सातारारोड अंतर साधारण तेवढंच. म्हणजे माझ्या मते मुलं पाडळीला चढली आणि मसूरला उतरली. कीरांना ज्याने सांगितलं त्याच्या बोलण्यात दोन्ही स्टेशनं आली असतील, किंवा नुसतं ‘पाडळी स्टेशन’ आलं असेल, आणि लिहिताना चढायचं ते उतरायचं झालं. हा माझा तर्क आहे, कुठे छापलेला नाही. पण नकाशा घेऊन बसा, दुसरं काही जुळत नाही. पाडळीला उतरले म्हणायचं तर ती मुलं गाडीत बसलीच कुठे?

पानशेतचा_पूर

किंवा दोन वेगळे प्रवास असतील. वडील तिकडे नोकरीला होते म्हटल्यावर मुलं एकदाच गेली असतील असं कशावरून? एकदा मसूरमार्गे, एकदा पाडळीमार्गे. एकदा स्टेशनमास्तरने अडवलं, एकदा गाडीवानाने पाडलं.

दप्तरदार

शक्य आहे, पण मला पटत नाही. दोन्ही हकिकती शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत वडिलांपर्यंत पत्र वेळेवर पोचलेलं नाही. दोन्हींत मुलं चांगल्या कपड्यांत आहेत, त्यामुळे बघणाऱ्याला आधी संशय येत नाही. दोन्हींत स्टेशनमास्तर आहे. दोन्हींत दुप्पट भाडं देऊन सौदा होतो आणि मुलं स्वतः गाडी हाकतात, गाडीवान शेजारून पायी चालतो. दोनदा प्रवास झाला असता तर इतकं सगळं दोनदा घडलं असं मानावं लागेल. आणि पहिल्यांदा असा अनुभव आल्यावर वडिलांनी दुसऱ्यांदा माणूस पाठवल्याशिवाय मुलांना निघू दिलं असतं का?

प्रसंग एकच. फरक आहे तो जात कुठे कळली एवढ्याचा. बाबासाहेबांच्या लेखनात स्टेशनमास्तर विचारतो, मुलं भाबडेपणाने महार आहोत म्हणून सांगतात, त्याचा चेहरा बदलतो, तो निघून जातो. मग गाडीवाल्यांमध्ये बातमी पसरते आणि एकही तयार होत नाही. शेवटी स्टेशनमास्तरच तोडगा काढतो, गाडी हाकता येईल का विचारतो. इथे गाडीवानाला आधीच माहीत आहे, त्यामुळे वाटेत कळून गाडी उलथवायला जागाच राहत नाही. कीरांच्या हकिकतीत तो क्षण पुढे सरकून गाडीत आलाय.

फलकाला माझा सल्ला: जिथे दोन्ही जुळतात ते निःशंक लिहा. जिथे जुळत नाही तिथे बाबासाहेबांचं घ्या. स्टेशनवर ते स्वतः उभे होते.

ढेकणेवस्ती_ताई

मी पण थोडं सांगू का? माझ्या सासऱ्यांच्या दाखल्यावर 1 जून जन्मतारीख आहे. त्यांच्या तिन्ही भावांच्या दाखल्यावर पण 1 जून. सासूबाई म्हणायच्या ते पोळ्याच्या आसपास जन्मलेले. मास्तरांनी शाळेत नाव घालायला आलेल्या सगळ्यांना एकच तारीख टाकली. पेन्शनला त्याचा त्रास झाला. मग बाबासाहेबांच्या शाळेतल्या नोंदीवर तरी कसा विश्वास ठेवायचा? आडनावाचं तसंच काही झालं असेल.

दप्तरदार

ताई, तुमचा मुद्दा इथे वेगळ्या तऱ्हेने लागू होतो. शाळेची नोंद ही घरच्या सत्याची नोंद नसते, त्या दिवशी मास्तरांनी काय लिहून घेतलं याची असते. पण तेवढ्यापुरती ती पक्की असते. 1 जून खोटी, पण त्या शाळेने 1 जून लिहिली हे खरं.

बाबासाहेबांची नोंद साताऱ्यातल्या राजवाड्यात भरणाऱ्या तेव्हाच्या सरकारी शाळेतली, आता तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. 7 नोव्हेंबर 1900, पहिली इंग्रजी, नोंद क्रमांक 1914. शासन 7 नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस पाळतं तो याच प्रवेशाचा. नोंदीतलं नाव भिवा रामजी आंबेडकर.

पानशेतचा_पूर

धन्यवाद, मला हेच हवं होतं. प्रवेशाच्या दिवशीच ‘आंबेडकर’ लिहिलंय ना? मग शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींनी नंतर आंबावडेकरचं आंबेडकर केलं ही गोष्ट कशी टिकते? प्रवेश घेताना गुरुजी मुलाला ओळखतही नव्हते. आडनाव वडिलांनी गावावरून लावलं. आंबडवे, तालुका मंडणगड. कोकणात गावावरून आडनाव लावायची पद्धत आहे, त्याला कुणाच्या कृपेची गरज नाही. ही गोष्ट चरित्रकारांनी घुसडली.

शनिवारकर

घुसडली कशाला म्हणता? बाबासाहेबांनी स्वतः सांगितलंय हे. मराठीतच सांगितलंय.

दप्तरदार

शनिवारकरांचं इथे बरोबर आहे. अत्र्यांच्या ‘नवयुग’चा आंबेडकर विशेषांक 13 एप्रिल 1947 ला निघाला. त्यात बाबासाहेबांनी आंबेडकर मास्तरांची आठवण सांगितली आहे. मधल्या सुट्टीत भाकरी खायला घरी जावं लागायचं, ते मास्तरांना आवडायचं नाही, म्हणून ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी द्यायचे. स्पर्श होऊ नये म्हणून वरून हातात टाकायचे, हेही त्यांनी लपवलेलं नाही. आणि त्या भाकरीबद्दल ते प्रेमाने बोलले आहेत. आडनाव बदलल्याचंही त्याच ओघात आलंय. तेव्हा चरित्रकारांनी घुसडली, हा आरोप टिकत नाही.

पण नोंदीचा प्रश्नही हवेत उडवून लावता येत नाही, पानशेत यांचा तो मुद्दा वजनदार आहे. दोन गोष्टी वेगळ्या करा. असे मास्तर होते आणि त्यांनी जीव लावला, हे बाबासाहेबांच्या तोंडचं आहे. आडनाव कोणत्या दप्तरात, कोणत्या वर्षी बदललं, हे त्या आठवणीवरून ठरत नाही. सरकारी शाळेत येण्याआधी ते साताऱ्यातच कॅम्पातल्या मराठी शाळेत होते. बदल तिकडे झाला असेल तर 1900 च्या नोंदीत आंबेडकर असणं साहजिक आहे. नोंदवहीत नंतर दुरुस्ती झाली असेल तर कागदावर खाडाखोड दिसायला हवी. मी मूळ वही पाहिलेली नाही, फोटोवरून यावर बोलणार नाही.

पानशेतचा_पूर

कॅम्पातल्या शाळेचं दप्तर दाखवा, मी मान्य करतो. तोपर्यंत ‘असेल’ वर फलक लावू नका.

दप्तरदार

ते दाखवता आलं असतं तर या विषयावर इतकी वर्षं पानं भरली नसती.

ऋत्विजा_फर्ग्युसन

मी एम.ए. करतेय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आम्हाला अभ्यासाला आहे. मला एक कळत नाहीये. हे मास्तर बाबासाहेबांना इतके महत्त्वाचे वाटत होते तर ‘व्हिसा’त त्यांचा शब्दही कसा नाही? त्याच शाळेचं वर्णन आहे तिथे. गोणपाटावर बसायचं, ते रोज घरून न्यायचं आणि परत आणायचं. शिपाई असेल तरच पाणी, कारण नळ सोडायला दुसरं कुणी चालत नाही. न्हावी केस कापत नाही म्हणून बहीण घरी कापते. सगळं आहे आणि मास्तर नाहीत. म्हणजे इंग्रजीत एक बालपण आणि मराठीत दुसरं, हे खुद्द बाबासाहेबांच्या बाबतीतच होतंय.

दप्तरदार

या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. ऋत्विजा, पुस्तिकेची सुरुवात आठवा. परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे हे ठाऊक असतं, पण ती शेजारी नसल्यामुळे रोजच्या जगण्यात ती किती जाच करते हे त्याला उमगत नाही, म्हणून प्रसंग सांगतो, असा त्याचा सूर आहे. ते आत्मचरित्र नाही. साक्षीदाराने काढलेले निवडक प्रसंग आहेत: त्यांचा स्वतःचा गोरेगावचा प्रवास, बडोद्यातला पारशी पथिकाश्रम, चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या किल्ल्यातलं टाकं, आणि मग इतरांचे अनुभव. प्रत्येक प्रसंग अडवणुकीचा. प्रेमळ मास्तरांना त्या मांडणीत जागाच नव्हती. टांगा म्हणजे काय हेसुद्धा त्यांनी तिथे समजावून सांगितलंय, कोकणातल्या आडनावाची गोष्ट लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाला सांगायची तर आधी आडनाव गावावरून येतं इथून सुरुवात करावी लागली असती.

‘नवयुग’चा वाचक मराठी. त्याला गोणपाट सांगायची गरज नव्हती, त्याच्या गावच्या शाळेत तेच होतं. त्याला मास्तरांचं सांगितलं. वाढदिवसाचा अंक, वय छप्पन्न. माणूस अशा वेळी कुणाला आठवतो? दोन्ही खरं. पण पुढच्या चरित्रकाराच्या हातात जो कागद पडला त्याप्रमाणे बालपणाचा रंग बदलला. ‘व्हिसा’ वाचून लिहिलेल्या अलीकडच्या इंग्रजी पुस्तकांत नुसता जाच आहे. जुन्या मराठी पुस्तकांत आंबेडकर मास्तर आहेत, शिवाय पावसात भिजून आलेल्या मुलाला घरी नेऊन गरम पाण्याने आंघोळ घालायची सोय करणारे पेंडसे मास्तर आहेत. कीरांकडेही हे दोघे आहेत, बरं का. म्हणजे इंग्रजी विरुद्ध मराठी असं नाहीच, 1990 च्या आधीचं विरुद्ध नंतरचं असं थोडंफार आहे.

पानशेतचा_पूर

आणि जुन्या पुस्तकांना प्रेमळ ब्राह्मण मास्तर का आवडले, हेही सांगा की. वरच्या वर्गातल्या वाचकाला बरं वाटतं म्हणून. पाठ्यपुस्तकात गोणपाट एका ओळीत आणि मास्तर पानभर. मी स्वतः तेच शिकलो.

दप्तरदार

पाठ्यपुस्तकांबद्दल तुमचं ऐकतो, तिथे तसं झालंय. बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणीला ते लावू नका, तिथे भाकरी वरून टाकल्याचं त्यांनी गाळलेलं नाही. गाळलं ते उतारा करणाऱ्यांनी. फलकावर मास्तर घेणार असाल तर ‘वरून टाकत’ हे दोन शब्द ठेवा, मग पानशेत यांचीही हरकत राहणार नाही.

पानशेतचा_पूर

हरकत राहील, पण कमी राहील.

शनिवारकर

आणि त्या बालचरित्रातले संवाद? ते खैरमोड्यांत नसणार एवढं मी सांगतो.

दप्तरदार

संवाद ओळखायला सोपे. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘आम्हीही माणसंच आहोत ना’ असं वाक्य आलं की ते लेखकाचं समजायचं. बाबासाहेबांच्या लेखनात मुलं रात्री काय बोलतात? टोलनाक्यावर पाणी मागायचं असतं, गाडीवानाने आधीच पढवलेलं असतं की मुसलमान आहोत असं सांगा. मुलगा जातो, उर्दूत बोलतो, पाणी मागतो. तरी नाकेदार देत नाही, तुमच्यासाठी पाणी कुणी भरून ठेवलंय, डोंगरावर आहे तिकडे जा, अशा अर्थाचं बोलतो. घरून बांधून दिलेलं जेवण सोबत होतं, पण पाण्यावाचून घशाखाली उतरणार कसं. मुलं उपाशी झोपतात आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पोचतात. मोठ्या बाता कुणी मारत नाही. दहा वर्षांच्या मुलाने जात लपवून दुसऱ्या भाषेत पाणी मागावं लागणं, एवढं पुरे आहे, त्यावर संवाद कशाला चढवायचे?

आणि पत्राचं काय झालं तेही त्यात आहे. वडिलांच्या नोकराच्या हाती पत्र पडलं होतं, त्याने ते दिलंच नाही. जुन्या पुस्तकांत नुसतं ‘पत्र वेळेवर मिळालं नाही’ आहे. हेच मी म्हणतो, जवळचा माणूस सांगतो तेव्हा तपशील असा बारीक येतो.

ढेकणेवस्ती_ताई

नोकराने पत्र दिलं नाही हे मला आजच कळलं. वाचूनच राग आला.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. मसुदा टाकते, खोडा:

‘1901 च्या सुमाराची गोष्ट. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. भिवा, मोठा भाऊ आणि सोबतची भावंडं त्यांना भेटायला साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. पत्र वडिलांपर्यंत पोचलं नव्हतं, घ्यायला कुणी आलं नव्हतं. मुलं महार आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि गाडीवान पायी चालला. वाटेत पाणी मिळावं म्हणून त्यांनी आपण मुसलमान असल्याचं सांगितलं, तरीही पाणी मिळालं नाही.’

आडनावाबद्दल बैठकीत एकमत झालं नाही, म्हणून ‘मूळ गाव आंबडवे’ एवढंच लिहितेय. मास्तर आणि भाकरी वेगळ्या चौकटीत, ‘नवयुग’ 1947 असा उल्लेख करून, वरून टाकत हे शब्द ठेवून.

जिहेकठापूर

‘भावंडं’ नको, त्यात बहिणीची मुलं होती. भाचे लिहा. बाकी मसुद्यातलं गोरेगाव-मसूर पक्कं ठेवा.

शनिवारकर

गाडी उलथवल्याचं का गाळलं? पोरांना तेच लक्षात राहतं. आमच्या पिढीला तेच सांगून वाढवलं.

निळीशाई

म्हणूनच गाळलं दादा. शेजारच्याच टेबलावर ‘व्हिसा’ची प्रत वाचायला ठेवणार आहोत. एखाद्या मुलीने उघडून विचारलं की यात ते कुठाय, तर मी काय सांगू?

शनिवारकर

कीर दाखवा. टेबलावर तेही ठेवा.

ऋत्विजा_फर्ग्युसन

दोन्ही ठेवा ना, पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावून. ताई, बारावा खंड हवा असेल तर पुणे स्टेशनजवळच्या शासकीय ग्रंथागारात विचारा, शिल्लक असला तर स्वस्तात मिळतो. आणि एक राहिलंच. तो तलाव कोणता? जिहेकठापूर काका, गोरेगावात आज आहे का?

जिहेकठापूर

त्या भागात ब्रिटिशकालीन तलाव एकापेक्षा जास्त आहेत, आणि प्रत्येक गावातला माणूस ‘रामजीबाबा आमच्याच तलावावर होते’ असं सांगतो. मी नाव घेणार नाही.

दप्तरदार

दुष्काळी कामांचे कागद महसूल खात्याच्या दुष्काळ विभागात असतात, ते मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. आपल्या पुण्याच्या पेशवे दप्तरात शोधत बसू नका, तिथला माल वेगळा. 1900 ते 1902 ची सातारा जिल्ह्याची बाडं मागवायची आणि खटाव तालुक्यातली कामं बघायची. खजिनदाराचं नाव निघेल असं नाही, पण गोरेगावला त्या साली काम चालू होतं की नाही हे तरी कळेल. ऋत्विजा, एम.ए.ला प्रबंधिका लिहायची असते ना?

ऋत्विजा_फर्ग्युसन

असते सर. विषय अजून द्यायचाय. मोडी लागेल का त्यात?

दप्तरदार

तालुक्याच्या पातळीवरचा पत्रव्यवहार असला तर लागेल. वरच्या कचेऱ्यांचं बहुतेक इंग्रजीत. आधी सूची बघून या, मग बोलू.